पिंडीवरचे ऊन

यवतमाळ तालुक्यातल्या एका गावाबाहेर, नाल्याच्या काठाला, काळ्या दगडाचे एक हेमाडपंती शिवमंदिर आहे. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. मंदिराच्या आवारात निळ्या रंगाचा एक फलक लावलेला आहे. त्यावर लिहिले आहे, की या मंदिराची रचना आपल्या पूर्वजांनी अशी केली की महाशिवरात्रीच्या पहाटे उगवत्या सूर्याचे किरण थेट पिंडीवर पडावेत. हे वाक्य माझे आहे. २०१८ साली एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी ते लिहिले आणि गावकऱ्यांनी कौतुकाने ते रंगवून घेतले. ते वाक्य चूक आहे, हे मला पुढच्याच वर्षी कळले. हा लेख त्या चुकीचा हिशेब आहे.

मी पुरातत्त्वाचा पदवीधर नाही. यवतमाळात माझे चष्म्याचे दुकान आहे. दुकान बंद ठेवण्याच्या दिवशी मोटरसायकल काढून जुनी देवळे पाहत हिंडायचे, हा तीस वर्षांचा नाद. लोहाऱ्याच्या कमलेश्वरापासून सुरुवात झाली आणि मग जिल्हाभर पायाखाली घातला. आपल्याकडे चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून बांधलेल्या कोणत्याही देवळाला हेमाडपंती म्हणायची रीत आहे. यादवांच्या मंत्र्याचे, हेमाद्रीचे, नाव त्यांना चिकटले. ढोबळमानाने ही देवळे बाराव्या-तेराव्या शतकातली.

तर, १३ फेब्रुवारी २०१८. महाशिवरात्र. मी पहाटेच त्या देवळात पोचलो होतो. सूर्य वर आला, दारातून उन्हाचा एक पट्टा आत शिरला आणि गाभाऱ्यात थेट पिंडीवर गेला. अंधाऱ्या गाभाऱ्यात ओला दगड तांबूस उजळला. बायका हात जोडून उभ्या राहिल्या. माझ्याही अंगावर काटा आला. घरी येऊन मी एका बैठकीत लेख लिहिला.

पुढच्या वर्षी महाशिवरात्र ४ मार्चला आली. आता माझ्या लेखामुळे शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. सूर्य वर आला, पट्टा आत शिरला आणि पिंडीच्या डाव्या बाजूने, तीन-चार बोटे अंतर सोडून, दक्षिणेच्या भिंतीकडे निघून गेला. पिंडी सावलीतच राहिली. म्हातारे गुरवकाका माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. गर्दीतले कोणी तरी म्हणाले, यंदा देव कोपला.

देव कोपला नव्हता. मी पंचांग आणि सूर्य यांची गल्लत केली होती.

सूर्य रोज पूर्वेला उगवतो असे आपण म्हणतो, पण नेमक्या पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाला. एरवी त्याची उगवायची जागा क्षितिजावर सरकत असते. यवतमाळच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण २०.४ अंश उत्तरेला, जूनच्या अखेरीस तो पूर्वेपासून २५ अंश उत्तरेकडे उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीस २५ अंश दक्षिणेकडे. हात पूर्ण लांब करून मूठ धरली, तर ती डोळ्यासमोर साधारण दहा अंश व्यापते. म्हणजे यवतमाळच्या माळावर उभे राहिले तर पाच मुठींच्या पट्ट्यात सूर्य वर्षभर येरझारा घालतो. टोकांशी तो रेंगाळतो. मधल्या भागात मात्र दिवसाला अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्तच सरकतो.

महाशिवरात्र ही चंद्राची तिथी आहे, माघ वद्य चतुर्दशी. अधिक मासाच्या हिशेबाने ती फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुठेही येते. १३ फेब्रुवारीला आमच्याकडे सूर्य पूर्वेपासून सुमारे १४ अंश दक्षिणेला उगवतो, तर ४ मार्चला जेमतेम ७ अंश दक्षिणेला. दोन्हींत सात अंशांहून थोडा अधिक फरक. त्या देवळात दारापासून पिंडी वीस फुटांवर आहे. वीस फुटांवर एवढ्या अंशांचा फरक म्हणजे अडीच फूट. उन्हाचा पट्टा अडीच फूट सरकला होता. दगडाचे देऊळ तिथीच्या मागे धावू शकत नाही. ज्या देवळात अमुक तिथीला दरवर्षी न चुकता किरण पडतात असे सांगितले जाते, तिथे पहिला प्रश्न हाच विचारावा, की ती तिथी चंद्राची की सूर्याची?

सूर्याच्या सणालाही एक मेख आहे. मकरसंक्रांत आपण सूर्याची मानतो, पण ती नक्षत्रांच्या हिशेबाने धरली जाते. अयनचलनामुळे ती ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. आठशे वर्षांपूर्वी संक्रांत आजच्यापेक्षा अकराएक दिवसांनी उत्तरायणाच्या खऱ्या आरंभाजवळ होती. तेव्हा आज संक्रांतीला एखाद्या यादवकालीन देवळात ऊन नेमके पडत असेल, तर ते बांधणाऱ्यांच्या संक्रांतीला तसे पडत नव्हते. उलट सूर्याच्या येरझाऱ्यांची टोके मात्र आठशे वर्षांत अंशाच्या दहाव्या हिश्शाइतकीच हलली आहेत. म्हणून जुन्या देवळाची दिशा आजच्या सूर्यावर तपासता येते, आजच्या पंचांगावर नाही.

मग मी त्या देवळाची दिशा नीट मोजायला घेतली. आधी होकायंत्र वापरले. दारात एक आकडा आला, मंडपात दुसरा, खांबाजवळ तिसराच. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात लोहाचे चुंबकी कण असतात आणि सुई त्याच्याकडे ओढली जाते. मोबाइलमधले होकायंत्रही त्याला अपवाद नाही. देवळांच्या दिशांबद्दल छापून आलेले बरेच आकडे दगडी भिंतीला टेकून घेतलेले असतात, हे ध्यानात ठेवावे.

उपाय गवंड्याचा निघाला. दाराच्या चौकटीच्या बरोबर मध्ये ओळंबा टांगला. उंबऱ्याच्या मध्यापासून पिंडीच्या मध्यापर्यंत जमिनीवर खडूने रेघ मारली. सकाळी दोरीची सावली सरकत सरकत त्या रेघेवर तंतोतंत आली, ती वेळ घड्याळात टिपली. त्या दिवशी त्या वेळी सूर्य नेमका कोणत्या दिशेला होता हे गणिताने काढता येते. देवळाचा अक्षही त्याच दिशेला. सकाळच्या वेळी आमच्या अक्षांशावर सूर्याची दिशा मिनिटाला अंशाच्या दहाव्या हिश्शाइतकीही बदलत नाही, त्यामुळे एखाद्या मिनिटाची चूक झाली तरी बिघडत नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही उत्तर एकच आले. देऊळ पूर्वेपासून १२ अंश दक्षिणेकडे वळलेले आहे.

आता उलटे गणित करता येत होते. सूर्य पूर्वेपासून १२ अंश दक्षिणेला केव्हा उगवतो? साधारण १९ फेब्रुवारीला आणि २३ ऑक्टोबरला. २१ डिसेंबरच्या अलीकडे ५९ दिवस आणि पलीकडे ६० दिवस. हे असे जोडीने येणारच. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागेवरून उगवतो, तिथूनच परतताना पुन्हा उगवतो. क्षितिज सपाट नसेल तर तारखा थोड्या हलतात. समोर तीन अंश उंचीची टेकडी असेल, तर सूर्य तिच्यावर येईपर्यंत दक्षिणेकडे कललेला असतो, आणि याच देवळासाठी तारखा तीन दिवसांनी बदलून २२ फेब्रुवारी आणि २० ऑक्टोबर होतील.

१९ फेब्रुवारी ही आपल्याकडे शिवजयंतीची शासकीय तारीख. मी हे एका मित्राला सांगितले, तेव्हा त्याचे डोळे चमकले. मला त्याला आठवण करून द्यावी लागली, की महाराजांचा जन्म १६३० चा आणि हे देऊळ त्याच्या सुमारे चारशे वर्षे आधीचे. पण या गमतीतच सगळ्या विषयाचे मर्म आहे. पूर्वेच्या दोन्ही बाजूंना २५ अंशांच्या आत तोंड असलेल्या कोणत्याही इमारतीत, मग ते देऊळ असो की धान्याचे गोदाम, वर्षातून दोन दिवस उगवता सूर्य समोरासमोर येतोच. त्या दोन तारखांच्या आसपास सण, जयंती, पुण्यतिथी काही ना काही सापडतेच. सूर्य देवळाच्या रेषेत येतो ही गोष्ट खरी. तेवढ्यावरून बांधणाऱ्याचा हेतू सिद्ध होत नाही.

शिवाय ते ऊन दोनच दिवस येत नव्हते. दार अडीच फूट रुंद आणि पिंडी वीस फूट आत, म्हणजे पिंडीपासून पाहिले तर दाराची फट सात अंशांची. सूर्य दिवसाला अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त सरकणार. म्हणजे ऊन वीसेक दिवस पिंडीवर राहणार: ९ फेब्रुवारीपासून १ मार्चपर्यंत, आणि पुन्हा १४ ऑक्टोबरपासून २ नोव्हेंबरपर्यंत. वर्षाला चाळीस सकाळी. मी हे कागदावर काढले आणि गुरवकाकांना जाऊन विचारले. ते हसले.

"दिवाईच्या टायमालेबी पडते न जी भाऊ ऊन. तवा कोनी पाहाले येत नाही."

चार पिढ्यांपासून त्या घराला ही गोष्ट माहीत होती. मी त्यांना कधी विचारलेच नव्हते. २३ ऑक्टोबर २०१९ ला, दिवाळीच्या तोंडावर, मी तिथे गेलो. देवळात मी आणि काका दोघेच. ऊन पिंडीच्या बरोबर मध्यावर पडले होते, २०१८ च्या शिवरात्रीपेक्षाही नेमके.

इथे वाचकांना कोल्हापूर आठवेल, आणि आठवायला हवेच. अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख. तिथला किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी असा वर्षातून दोनदा होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुडमंडपातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर, आणि शेवटी मुखापर्यंत पोचतात अशी परंपरा. मधल्या तारखा घ्या. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे ४१ दिवस आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. तीच जोडी. दोन्ही दिवशी कोल्हापुरात सूर्य पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. सूर्य खाली उतरतो तसे किरण आडवे होतात, म्हणून ऊन मूर्तीवर चढत जाते.

आमच्या देवळात ऊन वीस दिवस मुक्काम करते आणि कोल्हापुरात मोजकेच दिवस, असे का? कारण तिथली वाट लांब आणि अरुंद आहे. दारामागे दार, त्यामागे आणखी दार. तीन दिवसांत सूर्याच्या मावळतीची जागा एका अंशाहूनही कमी सरकते, तरी तेवढ्याने किरण चौकटीत अडतात. म्हणूनच समोर एखादी इमारत उंच झाली, एखादा फलक आडवा आला, तरी किरणोत्सव अधुरा राहतो आणि त्याच्या बातम्या होतात. अशा नाजूक रचनेपुढे योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही मी एवढेच म्हणेन: सगळी दारे एका सरळ रेषेत असणे ही देवळाची नेहमीची गरज आहे, कारण देवाची दृष्टी अडता कामा नये. सरळ रेषा होती म्हणून ऊन आले, की ऊन यावे म्हणून रेषा तशी धरली, हे केवळ उन्हावरून ठरत नाही. त्याला शिलालेख लागतो किंवा त्या काळचा ग्रंथ.

जुन्या ग्रंथांतून कळते ते थोडे वेगळे आहे. त्यांना अमुक दिवसाचे ऊन नको होते, त्यांना पूर्व हवी होती. आणि पूर्व काढायला त्यांनी सूर्यच वापरला. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ही रीत आहे, पुढे मयमत आणि मानसारासारख्या वास्तुग्रंथांतही आहे. जमीन पाण्याने सपाट करून घ्यायची. मध्ये शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उभी करायची. शंकूच्या उंचीइतक्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी शंकूची सावली लांब असते. ती आखडत वर्तुळाच्या आत शिरते तिथे एक खूण करायची. दुपारनंतर ती पुन्हा वाढत बाहेर पडते तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. मग त्या दोन खुणांवरून दोरीने दोन मोठे वर्तुळखंड काढायचे. ते एकमेकांना छेदून माशाचा आकार होतो, आणि माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत रेघ ओढली की दक्षिणोत्तर.

सकाळ ते दुपार या वेळात सूर्य स्वतः किंचित उत्तर-दक्षिण सरकलेला असतो, त्यामुळे रेषेत बारीक चूक राहते. विषुवदिनाच्या आसपास ती सर्वांत जास्त, अयनदिनाला जवळजवळ शून्य. वास्तुग्रंथांत त्यासाठी महिन्यागणिक काही अंगुळांची दुरुस्तीही सांगितली आहे. ती दुरुस्ती केली नाही तरी चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते. मी अंगणात खुंटी रोवून हे करून पाहिले आहे. माझ्यासारख्या नवख्याची रेषाही एका अंशाहून जास्त चुकली नाही.

मग आमच्या देवळाचे १२ अंश कुठून आले? ही शंकूची चूक असू शकत नाही. ती इतकी मोठी होतच नाही. दोन शक्यता उरतात. एक, पायाभरणीच्या मुहूर्तावर जिथे सूर्य उगवला तीच पूर्व मानून दोरी लावली. तसे असेल तर पायाभरणी फेब्रुवारीच्या किंवा ऑक्टोबरच्या उत्तरार्धातली. दुसरी शक्यता अगदी साधी: नाल्याचा काठ त्या दिशेने जातो आणि देऊळ काठाला धरून बांधले.

एका देवळावरून यातले काही ठरणार नाही. पण पुष्कळ देवळांवरून ठरेल. एका परिसरातल्या सगळ्या पूर्वाभिमुख देवळांचे अक्ष नीट मोजले आणि ते नेमक्या पूर्वेभोवती गोळा झालेले दिसले, तर तिथे शंकू वापरला होता. ते २५ अंश उत्तर ते २५ अंश दक्षिण या पट्ट्यात विखुरले असतील आणि पट्ट्याबाहेर एकही नसेल, तर उगवत्या सूर्याला धरून बांधायची रीत होती. आणि ते तीस-चाळीस अंशांपर्यंतही भरकटत असतील, तर नाला, रस्ता, उतार यांनी दिशा ठरवली. हे काम एका चष्मेवाल्याचे नाही, पण मी सुरुवात केली आहे. ओळंबा आता मोटरसायकलच्या डिकीत कायम असतो.

देवळांसारखाच प्रश्न थडग्यांबाबत विचारला जातो, आणि तिथे उत्तर उलट दिशेने येते. आपल्याकडच्या मुस्लिम कबरी दक्षिणोत्तर असतात. त्याचा सूर्याच्या उगवण्या-मावळण्याशी संबंध नाही. मृताला उजव्या कुशीवर, तोंड काब्याकडे करून ठेवतात आणि काबा इथून पश्चिमेला, म्हणून देह दक्षिणोत्तर. मोठ्या मकबऱ्यांतही हा नियम दिसतो. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात प्रवेश दक्षिणेकडून आहे आणि मशीद पश्चिमेच्या अंगाला. काटेकोर गणित केले तर यवतमाळहून काब्याची दिशा नेमकी पश्चिम नसून तिच्यापासून साडेआठ अंश उत्तरेकडे आहे. म्हणजे एखादी जुनी कबर रेषेपासून थोडी वळलेली दिसली, तर ती चूक आहे की जास्त बारकाईने काढलेली दिशा आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि ती दिशा काढायलाही अखेर सूर्य मदतीला येतो. वर्षातून दोनदा, २७-२८ मे आणि १५-१६ जुलैच्या सुमारास, भर दुपारी सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या क्षणी जगात जिथे जिथे ऊन असेल तिथे सूर्याची दिशा हीच काब्याची दिशा. आपल्या घड्याळात मे महिन्यात तेव्हा दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात आणि जुलैमध्ये २ वाजून ५७. उभ्या काठीची सावली पाहायची आणि तिच्या उलट तोंड करायचे. शंकू तोच, खुंटी तीच. देवळाच्या स्थपतीला पूर्व हवी होती, कबर खणणाऱ्याला किब्ला हवा होता, आणि दोघांनाही आकाशात एकच खात्रीचा दाखला मिळत होता. बऱ्याचशा जुन्या वास्तू सूर्याशी जुळलेल्या दिसतात त्याचे मला सापडलेले साधे कारण हे. त्या सूर्याला दाखवायला बांधल्या होत्या असे नव्हे. त्या बांधताना दिशा विचारायला दुसरे कोणी नव्हते.

आता फलकाचे. मी देवस्थानच्या बैठकीत जाऊन सगळे सांगितले. थोडी चिडचिड झाली. एक जण म्हणाले, "भाऊ, तुम्हीच लिवलं, आता तुम्हीच खोडता काय?" मी म्हटले, हो, मीच लिहिले म्हणून मीच खोडायला आलो. शिवरात्रीचा एक दिवस जातोय, पण चाळीस दिवस मिळताहेत, हे त्यांना पटायला वेळ लागला.

पटले ते वेगळ्याच कारणाने. देवळासमोर भाविकांसाठी पत्र्याचे शेड उभारायचे ठरले होते. खांबांच्या जागा आखलेल्या होत्या. मी ओळंबा आणि दोरी घेऊन दाखवले, की यातला एक खांब आणि पत्र्याची खालची कड बरोबर उन्हाच्या वाटेत येतात. पूर्वेपासून दक्षिणेकडे ८ ते १६ अंशांची पट्टी मोकळी ठेवली तर ऊन आत येत राहील, नाही तर कधीच येणार नाही. गुरवकाका तोवर गप्प होते. ते उठले, चुन्याची फक्की घेतली आणि उंबऱ्यापासून नाल्याच्या दिशेने दोन रेघा ओढून आले. त्या दोन रेघांच्या मध्ये अजून तरी काही उभे राहिलेले नाही.

फलक मात्र तसाच आहे. रंगाऱ्याला बोलावणे धाडले आहे. तोवर या दिवाळीच्या दिवसांत कोणी तिकडे फिरकले, तर सूर्योदयाआधी देवळात पोचावे आणि फलक न वाचता थेट आत जावे.